लाल रेघेपर्यंत चढलेले पाणी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. माझी भाची नवव्या इयत्तेत शिकते. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. त्यात तिने मांडलेल्या प्रयोगाचा फोटो तिने मला फोनवर पाठवला. फोटोत एक परात होती. परातीत निळी शाई घातलेले पाणी, मधोमध विझलेली मेणबत्ती आणि तिच्यावर उपडी घातलेली काचेची सरळ उभट बरणी. बरणीवर लाल कागदाची एक बारीक पट्टी चिकटवली होती आणि निळे पाणी बरोबर त्या पट्टीला टेकले होते. मागच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: "हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो, हे सिद्ध झाले."

मी त्या वेळी बसमध्ये होतो. फोटो पाहिला, आनंद झाला आणि लगेच लिहून टाकले, "शाब्बास! फारच सुंदर प्रयोग. मांडणीही नेटकी. असेच प्रयोग करीत राहा." नात्यातल्या इतरांनीही असेच काहीबाही कळवले असणार. प्रयोगाला शाळेत पहिला क्रमांक मिळाला आणि तालुक्याच्या प्रदर्शनासाठी त्याची निवड झाली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. शाळेत परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी जाता जाता तिला एक प्रश्न विचारला होता आणि तिला त्याचे उत्तर देता आले नव्हते. प्रश्न असा होता: "ज्योत जळत होती तेव्हा पाणी का चढले नाही? ती विझल्यावरच का चढले?"

"मामा, तुम्ही तर सुंदर प्रयोग म्हणाला होतात," ती म्हणाली. "मग यात चूक काय आहे?"

खरे सांगायचे तर मी फोटो नीट पाहिलाच नव्हता. मी तिच्या खटपटीचे कौतुक केले होते आणि तिने ते तिच्या निष्कर्षाचे प्रमाणपत्र समजून घेतले होते. त्यात तिची काही चूक नव्हती. चला तर, जो फोटो मी तेव्हा नीट पाहिला नाही, तो आता आपण मिळून पाहू.

फोटोतल्या बरणीची उंची १५ सेंटिमीटर. लाल पट्टी तोंडापासून ३ सेंटिमीटर अंतरावर. पंधराचा पाचवा भाग तीन, म्हणून पट्टी तेथे लावली. परंतु बरणी उपडी ठेवली तेव्हा परातीत पाणी किती होते? फोनवर विचारले, तर ती म्हणाली, "साधारण एक सेंटिमीटर." म्हणजे बरणीचे तोंड सुरुवातीलाच १ सेंटिमीटर पाण्यात बुडाले होते आणि आत हवा होती ती १४ सेंटिमीटर उंचीची. पाणी १ वरून ३ वर गेले, म्हणजे चढले फक्त २ सेंटिमीटर. चौदापैकी दोन, म्हणजे सातवा भाग! पाचवा भाग नव्हेच. (मेणबत्तीने अडवलेली जागाही खरे तर वजा करायला हवी, पण मेणबत्ती बारीक होती म्हणून ती आपण सोडून देऊ.) पाणी रेघेला टेकलेले दिसत होते हे खरे, पण रेघच चुकीच्या जागी होती.

यापुढचा प्रश्न विचारताना मला जरा संकोच वाटला. "प्रयोग किती वेळा केलास?" ती म्हणाली, "पाच वेळा. पण बाकीचे चार बिघडले." बिघडले म्हणजे काय? तिच्या वहीत आकडे होते. पाणी पहिल्या वेळी १.२ सेंटिमीटर चढले, दुसऱ्या वेळी १.५, तिसऱ्या वेळी २.०, चौथ्या वेळी १.४ आणि पाचव्या वेळी २.६. तिसऱ्या वेळी पाणी पट्टीला लागले, म्हणून तो प्रयोग "जमला" आणि त्याचा फोटो निघाला. उरलेले चार "फसले".

ही लबाडी नव्हती. उत्तर एकपंचमांश येते असे तिने पुस्तकात वाचले होते, तेव्हा जे त्याच्याशी जुळले ते बरोबर आणि जे जुळले नाही ते आपल्या हातचे दोष, असे तिला मनापासून वाटले. मोठमोठ्या माणसांनाही असे वाटते. पण पाहा, पाच वेळा तोच प्रयोग करून पाणी कधी १.२ तर कधी २.६ सेंटिमीटर चढत असेल, तर हवेतला ऑक्सिजन दर खेपेला बदलत होता असे म्हणायचे का? एकाच खोलीत, एकाच दुपारी? हे शक्य नाही. याचा अर्थ असा की दर खेपेला बदलणारी दुसरीच कोणती तरी गोष्ट पाणी वर चढवीत होती. त्या चार फसलेल्या प्रयोगांतच खरी बातमी होती आणि फोटोत नेमके तेच आले नव्हते.

ती दुसरी गोष्ट कोणती? त्या रात्री मी स्वयंपाकघरात परात, बरणी आणि मेणबत्त्या घेऊन बसलो. तुम्हीही बसा, मात्र घरातले मोठे माणूस जवळ असू द्या, केस बांधा आणि बरणी जाड काचेची घ्या. बरणीच्या तोंडाखाली तीन नाणी ठेवा, म्हणजे तोंड परातीला घट्ट चिकटणार नाही आणि पाण्याला आत यायला वाट राहील.

पहिल्यांदा नुसते पाहायचे. बरणी ज्योतीवरून सावकाश खाली आणा आणि तोंड पाण्याला लागल्यावर कडेला लक्ष ठेवा. बहुधा दोनचार बुडबुडे बाहेर पडताना दिसतील. ज्योत काही सेकंद जळते, लहान होते, विझते. एवढ्या वेळात पाणी जवळजवळ जागचे हलत नाही. ज्योत विझली रे विझली की पाणी सरसर वर चढू लागते आणि थोड्या वेळाने थांबते. बाईंचा प्रश्न किती नेमका होता पाहा. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असते, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढावयास हवे होते आणि ज्योत विझताच थांबावयास हवे होते. होते मात्र नेमके उलट.

मग मी मेणबत्त्या वाढवल्या. बरणी तीच, पाणी तेवढेच, पण मेणबत्त्या तीन. बरणीतला ऑक्सिजन तेवढाच, तेव्हा पाणी तेवढेच चढावे. उलट तीन मेणबत्त्यांनी ऑक्सिजन लवकर संपेल एवढेच. परंतु पाणी चढले ३.६ सेंटिमीटर, म्हणजे आतल्या हवेच्या चौथ्या भागाहूनही थोडे जास्त. तक्त्यावरचे वाक्य खरे मानले, तर हवेत आता २६ टक्के ऑक्सिजन झाला म्हणायचे!

तिसऱ्या खेपेला मेणबत्तीच काढून टाकली. बरणी नुसतीच पाण्यात उपडी ठेवली आणि गरम पाण्यात भिजवून पिळलेला जाड रुमाल तिच्याभोवती गुंडाळला. पाणी उकळते घेऊ नका, काच तडकेल. थोड्याच वेळात बरणीच्या तोंडाशी बुडबुडे निघू लागले. ते थांबल्यावर रुमाल काढला. बरणी निवत गेली तसे पाणी आत चढत गेले. येथे काहीही जळले नव्हते.

आता तुमच्या ध्यानात आलेच असेल. मेणबत्तीवरून बरणी खाली आणताना तिच्यात ज्योतीवरची तापलेली, प्रसरण पावलेली हवा भरते. काही हवा तर तोंडातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरच जाते. ज्योत जळत असते तोवर ही हवा गरमच राहते. ज्योत विझताच ती निवते, आकसते आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरच्या हवेचा दाब पाणी ढकलतो. बरणी सावकाश उतरवली तर गरम हवा जास्त भरते आणि पाणी जास्त चढते. चटकन उतरवली तर कमी. भाचीचे पाच आकडे पाच प्रकारचे का आले, याचे कारण तिच्या मनगटात होते, हवेत नव्हे.

हिशेब करून पाहू. वायूचा दाब तोच राहिला तर त्याचे आकारमान केवल तापमानाच्या प्रमाणात बदलते, हा चार्ल्सचा नियम तुम्ही शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. सेल्सियस अंशांत २७३ मिळवले की केवल तापमान मिळते. समजा, बरणीतल्या हवेचे सरासरी तापमान कोंडली गेली त्या वेळी ६७ अंश होते आणि खोलीचे २७ अंश. म्हणजे ३४० आणि ३००. निवल्यावर हवेचे आकारमान ३००/३४० पट, म्हणजे सुमारे ०.८८ पट होईल. शंभरातले बारा भाग कमी झाले. १४ सेंटिमीटरच्या हवेत हे जवळजवळ १.७ सेंटिमीटर झाले. चढलेल्या दोन सेंटिमीटरांपैकी बहुतेक सगळे निव्वळ थंड होण्यातच संपले.

"मग ऑक्सिजन जळाला तो कुठे गेला?" असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. मेणबत्तीचे मेण म्हणजे पॅराफिन. त्यात कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्यातला एक नमुन्याचा रेणू घेतला तर जळण्याचे समीकरण असे होते:

C₂₅H₅₂ + 38 O₂ → 25 CO₂ + 26 H₂O

म्हणजे ऑक्सिजनचे ३८ भाग नाहीसे झाले, तर त्यांच्या जागी कार्बन डायऑक्साइडचे २५ भाग येऊन बसतात. पाण्याची वाफ मात्र निवून थेंब होते. बरणीच्या आतून धुके धरते ते हेच. भाचीच्या फोटोतही ते स्पष्ट दिसत होते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे, पण स्थिर पाण्यात तो सावकाश विरघळतो, काही सेकंदांत नाही.

शिवाय मेणबत्ती काही सगळा ऑक्सिजन खाऊन विझत नाही. हवेत शंभरात सुमारे २१ भाग ऑक्सिजन असतो. तो साधारण १६ भागांपर्यंत उतरला की ज्योतीला जळणे जमत नाही. म्हणजे खर्च झाले अवघे पाच भाग आणि त्यांच्या जागी आले सव्वातीन भागांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. निव्वळ घट पावणेदोन भागांची, म्हणजे आपल्या बरणीत पाव सेंटिमीटरही नाही. निवण्याचे १.७ आणि हे पाव, मिळून झाले दोन सेंटिमीटर. ऑक्सिजनचा वाटा आहे, पण एवढासाच.

हा प्रयोग फार जुना आहे बरे. बायझँटियमचा फिलो नावाच्या ग्रीक अभियंत्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास तो लिहून ठेवला आहे. ज्योतीमुळे हवेचा काही भाग नाहीसा होतो आणि त्याची जागा पाणी घेते, असे त्यालाही वाटले होते. पाणी चढताना डोळ्यांना दिसते, आणि योगायोगाने ते पुष्कळदा पाचव्या भागाच्या जवळपास जाते, म्हणून हा समज आजही कितीतरी पुस्तकांत टिकून आहे.

तर मग हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा कसा? भाचीचा पुढचा प्रश्न हाच होता. तालुक्याचे प्रदर्शन दहा दिवसांवर आले होते.

त्यासाठी अशी वस्तू हवी, जी ऑक्सिजन घेईल, त्याच्या बदल्यात दुसरा वायू सोडणार नाही आणि तापणारही नाही. अशी वस्तू म्हणजे गंजणारे लोखंड. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेऊन घन रूपाचा गंज तयार करते आणि हे इतके सावकाश चालते की बरणी गरम होत नाही. लोखंडाची लोकर, म्हणजे केसासारख्या बारीक तारांचा गुंता, रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. लाकूड घासायला रंगारी तो वापरतात. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी मात्र चालणार नाही. ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. भाचीने पहिल्यांदा तीच घेतली आणि दोन दिवस पाणी जागचे हलले नाही! चुंबकावर विसंबू नका, कारण न गंजणाऱ्या पोलादाच्या काही जातीही चुंबकाला चिकटतात. लोकरीचा लहान तुकडा ओला करून रात्रभर बशीत ठेवा. सकाळी तांबूस झाला तर ती लोकर उपयोगाची.

लोकरीला तेलाचा हात दिलेला असतो, तो काढावा लागतो. त्यासाठी ती पाच मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, नंतर पाण्यात विसळा आणि चांगली झटका. विसळण्याचा कंटाळा करू नका. लोकरीत व्हिनेगर जास्त राहिले तर लोखंडाशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो आणि तो बरणीत साठून पाणी कमी चढल्यासारखे दिसते. आता ही ओली लोकर मोकळी करून बरणीच्या तळाशी अशी खुपसा की बरणी उपडी केल्यावर ती पडणार नाही. बरणी पाण्यात उपडी ठेवा, नाणी विसरू नका आणि आतल्या पाण्याच्या पातळीवर लगेच खूण करा. मोजायला सुरुवात त्या खुणेपासून करायची, बरणीच्या तोंडापासून नव्हे.

शेजारी तशीच दुसरी बरणी ठेवा, पण लोकरीशिवाय. ती कशाला? दिवसा ऊन आणि रात्री गारवा, यामुळे बरणीतली हवा लोकर नसतानाही फुगते आणि आकसते. तीन अंशांचा फरक पडला तर आकारमान सुमारे एक टक्क्याने बदलते. रिकाम्या बरणीतले पाणी जेवढे हलेल, तेवढे लोकरीच्या बरणीतून वजा करायचे. आणि वाचन रोज एकाच वेळी घ्यायचे, म्हणजे ही वजाबाकी लहानशीच राहते.

भाचीने हे केले. पहिल्या संध्याकाळपर्यंत पाणी सव्वा सेंटिमीटर चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी २.५, संध्याकाळी २.८. तिसऱ्या दिवशीही २.८. रिकाम्या बरणीतले पाणी जेमतेम अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे. चौदापैकी २.८ म्हणजे शंभरात २० भाग. मुख्य म्हणजे लोकर अजून पुष्कळशी काळीच होती, गंजायला लोखंड शिल्लक होते, तरी पाणी थांबले. म्हणजे संपला तो ऑक्सिजन, लोखंड नव्हे. मग तिने लोकर दुप्पट घेऊन पुन्हा केले. या खेपेला पाणी लवकर चढले, पण थांबले २.९ वर. मेणबत्त्या वाढवल्या तेव्हा पाणी जास्त चढले होते. लोकर वाढवली तर फक्त घाई झाली, उत्तर जवळजवळ तेच राहिले.

आत चढलेल्या पाण्याच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्याचे काय, असे तिने विचारले, तेव्हा मला फार बरे वाटले. हवेचा दाब सुमारे १० मीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. त्यापुढे तीन सेंटिमीटर म्हणजे हजारात तीन भाग. आपल्या पट्टीने तेवढा फरक मोजताच येणार नाही.

तालुक्याच्या प्रदर्शनात तिने दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी मांडले. मेणबत्तीच्या बरणीवरची लाल पट्टी काढून टाकली आणि तक्त्यावर पाचही आकडे लिहिले, १.२ सुद्धा आणि २.६ सुद्धा. जुने वाक्य खोडून तेथे लिहिले, "मेणबत्तीच्या प्रयोगात पाणी मुख्यतः कशामुळे चढते?" त्याचाही फोटो तिने मला पाठवला.

या वेळी मी घरी होतो. चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला आणि कळवले, "मांडणी आवडली. लोकरीच्या दोन बरण्यांत तुकड्यांची वजने किती होती? आणि २.८ व २.९ यांतला फरक खरा की पट्टी वाचण्यातला, हे कसे ठरवशील?"

तासाभराने उत्तर आले, "वजन केले नव्हते मामा. उद्या वाण्याकडे जाऊन करते. पट्टीचे मैत्रिणीकडून वाचून घेते, तिला माझा आकडा न सांगता."